सोनं आणि एसआयपी: अम्मीला पत्र

अम्मी,

फोनवर तू विचारलंस, “दर महिन्याला दोन हजार कुठल्या तरी फंडात टाकतेस, त्यापेक्षा सोनं का घेत नाहीस? आणि ते व्याजाचं तर नाही ना?” फोनवर नीट सांगता आलं नाही.

आधी व्याजाचं. मी निवडलेला फंड टाटा एथिकलसारखा, शरीयतच्या निकषांवर चालणारा आहे. माझ्या पैशातून तो कंपन्यांचे शेअर घेतो, म्हणजे धंद्यात छोटी भागीदारी. बँका, दारू, तंबाखू आणि डोक्यावर फार कर्ज असलेल्या कंपन्या त्यातून वगळतात. तरी कंपन्यांच्या ठेवींवर थोडं व्याज येतंच. तेवढा हिस्सा सवाबची नियत न करता गरिबाला द्यावा, असं उलेमा सांगतात.

आता सोनं. समज, पन्नास हजारांच्या सोन्याचा दागिना केला. घडणावळ बारा टक्के, म्हणजे सहा हजार. एकूण रकमेवर तीन टक्के जीएसटी, 1,680 रुपये. बिल झालं 57,680. त्याच दिवशी मोडायला नेलास तर घडणावळ आणि कर परत येत नाहीत. नुसतं बरोबरीला यायला भाव साधारण पंधरा टक्के चढावा लागतो. दागिना अंगावर घालण्यासाठी असेल तर हा खर्च मला पटतो. बचत म्हणून नाही पटत. (बचतीसाठीच घ्यायचं असेल तर नाणं घे, त्याची घडणावळ कमी असते.)

फंडात पैशाच्या बदल्यात युनिट मिळतात, त्यांचा भाव रोज बदलतो. समज, पहिल्या महिन्यात भाव 40 होता, दोन हजारांत 50 युनिट आले. दुसऱ्या महिन्यात भाव 32 वर पडला, तेवढ्याच पैशात साडेबासष्ट आले. तिसऱ्या महिन्यात तो 50 वर गेला, तेव्हा 40 आले. सहा हजारांत झाले साडेबावन्न वर शंभर. भाव पुन्हा 40 वर आला तरी त्यांचे 6,100 होतात, कारण स्वस्ताईत जास्त युनिट घेतले गेले.

पण भाव वर्षानुवर्षं खालीच राहिला तर या हिशोबाचा उपयोग नाही. 2020 मध्ये जानेवारीत 12,400 च्या आसपास असलेला निफ्टी मार्चअखेरीस 7,600 पर्यंत आला होता. तेव्हा घाबरून ज्यांनी विकलं, त्यांचा तोटा कायमचा झाला. म्हणून पाच-सात वर्षं लागणार नाहीत असेच पैसे मी यात टाकते. छोटीच्या पुढच्या वर्षीच्या फीचे पैसे यात नाहीत.

तुझ्या बांगड्या मोडायला मी सांगत नाहीये. रात्री दवाखान्यात धावायची वेळ आली तर सकाळी इगतपुरीतला सराफ तासाभरात पैसे देईल. फंडाचे पैसे खात्यात यायला दोन-तीन कामाचे दिवस लागतात, आणि बऱ्याच फंडांत वर्षाच्या आत काढले तर एक टक्का कापतात.

माझ्या फंडात वारस म्हणून तुझं नाव लावलंय. खात्याचा फोलिओ नंबर लिहून पाठवते, तो तुझ्या पासबुकात ठेव.

तुझी लेक
पुणे