लग्नाची नोंद नाही, नुसता स्टॅम्प आहे. मग बाईला पोटगी अन् पोराला जमीन मिळते का?

विशेष विश्लेषण

उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून समान नागरी कायदा लागू झाला आणि त्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्या जोडप्यांनी सरकारकडे नोंदणी करायची अट आली. तेव्हापासून गावागावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय की आता 'लिव्ह-इन'ची नोंद केली नाही तर जेल होणार. तो कायदा उत्तराखंडचा आहे. महाराष्ट्रात अशी नोंदणी नाही, त्यामुळे ती केली नाही म्हणून इथं कुणाला शिक्षाही नाही. पण त्याचा अर्थ इथं अशा नात्याला कायदाच नाही, असा कुणी काढत असेल तर तेही चूक आहे.

लिव्ह-इन म्हटलं की लोकांना पुण्या-मुंबईतली नोकरदार पोरं-पोरी आठवतात. पण खेड्यात हे नातं वेगळ्या नावानं जुनंच आहे. पहिल्या नवऱ्यापासून फारकत घेतलेली बाई दुसऱ्याच्या घरात नांदते. पहिली बायको असताना दुसरी आणली जाते. कुठं पाट लागलेला असतो, कुठं देवळात दोन हार घातलेले असतात, कुठं तेही नसतं. कागद म्हणून असतो तो एक नोटरी केलेला स्टॅम्प. भांडण झालं की हाच स्टॅम्प घेऊन बाई वकिलाकडे जाते आणि तिथं कळतं की त्या कागदाला फारसा अर्थ नाही. कोर्ट बघतं ते वेगळंच.

कोर्ट काय बघतं?

महिलांचे कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण करणारा २००५ चा कायदा फक्त लग्नाच्या बायकोसाठी नाही. 'विवाहासारखं नातं' असलेल्या बाईलाही तो लागू होतो. विवाहासारखं म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१० साली वेलुसामी खटल्यात सांगितलं. दोघं समाजात नवरा-बायको म्हणून वावरत असावेत. दोघांचं लग्नाचं वय झालेलं असावं. दोघं लग्नाला मोकळे असावेत, म्हणजे कुणाचंही आधीचं लग्न चालू नसावं. आणि दोघं स्वखुशीनं बऱ्यापैकी काळ एका घरात राहिलेले असावेत. आठ-पंधरा दिवस सोबत राहिलं म्हणून हे नातं होत नाही.

यातली तिसरी अट गावाकडे सगळ्यात जास्त अडवते. दोघंही मोकळे असतील तर काम बरंच सोपं होतं. रेशन कार्डावर एकत्र नावं, मतदार यादीत नवरा म्हणून त्याचं नाव, बाळंतपणाच्या वेळी दवाखान्यात त्यानं केलेली सही, पोराच्या शाळेत लावलेलं बापाचं नाव, हे सगळं पुरावा म्हणून चालतं. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या बाबतीत मुकादमाच्या वहीत दोघांच्या नावानं एक कोयता म्हणून उचल लिहिलेली असेल, तर तीही कामाला येऊ शकते. कारण कोयता म्हणजे जोडी, हे सगळ्यांना माहीत असतं.

पहिलं लग्न मोडलं का, हाच खरा प्रश्न

शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर दोघांनी सह्या केल्या, पंचांनी अंगठे दिले, म्हणजे काडीमोड झाली असं लोक धरून चालतात. हिंदू विवाह कायद्यात घटस्फोट कोर्टातूनच होतो. समाजात काडीमोडीची जुनी प्रथा असेल तर ती कायद्यानं राखलेली आहे, पण ती प्रथा आपल्या समाजात खरंच चालत आली आहे, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. नुसता स्टॅम्प दाखवून भागत नाही. तेवढ्यावरच थांबलं तर कायद्याच्या लेखी पहिलं लग्न चालूच राहतं.

बाप्याचं पहिलं लग्न चालू असेल तर बाईला ते माहीत होतं का, यावर बरंच ठरतं. इंद्रा शर्मा खटल्यात (२०१३) बाई सुमारे अठरा वर्षं एका लग्न झालेल्या माणसासोबत राहिली होती, पण त्याची बायको-पोरं आहेत हे तिला आधीपासून माहीत होतं. सर्वोच्च न्यायालयानं तिला कौटुंबिक हिंसाचार कायद्याचा आधार दिला नाही. त्याच वर्षी महाराष्ट्रातल्या एका खटल्यात उलटं झालं. तिथं पहिलं लग्न लपवून माणसानं दुसरं लग्न केलं होतं. कोर्ट म्हणालं, स्वतः फसवणूक करून तिचाच फायदा घेता येणार नाही, पोटगी द्यावी लागेल.

बाईचंच पहिलं लग्न कायद्यानं मोडलेलं नसेल तर? यावर ३० जानेवारी २०२५ चा निकाल महत्त्वाचा आहे. तेलंगणातल्या या प्रकरणात बाई पहिल्या नवऱ्यापासून लेखी करारानं वेगळी झाली होती, कोर्टाचा घटस्फोट नव्हता. दुसऱ्या नवऱ्याला हे सगळं माहीत होतं आणि तरी त्यानं तिच्याशी लग्न केलं. भांडण झाल्यावर तो म्हणाला, ही माझी कायदेशीर बायकोच नाही. उच्च न्यायालयानं त्याचं ऐकून बाईची पोटगी काढून टाकली. सर्वोच्च न्यायालयानं ती परत लावली. पहिल्या नवऱ्याशी तिचा संबंध उरला नव्हता, त्याच्याकडून तिला काही मिळतही नव्हतं, हे कोर्टानं बघितलं. मात्र इथं दुसरं लग्न लागलेलं होतं. काहीच विधी न करता एकत्र राहिलेल्या बाईनं हा निकाल आपल्याला जसाच्या तसा लागू होईल असं समजू नये.

पोटगी मागायची कुठं?

वाटा दोन आहेत. पहिली वाट म्हणजे जुनं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४ झालं. त्यात शब्द 'पत्नी' असा आहे, म्हणून लग्नाचा काहीच पुरावा नसेल तर समोरचा वकील तिथंच धरतो. दुसरी वाट कौटुंबिक हिंसाचार कायद्याची. तिथं विवाहासारखं नातं सिद्ध झालं तर खर्चाला पैसे आणि राहत्या घरातून हाकलू नये असा आदेश, दोन्ही मिळू शकतं. झारखंडच्या एका प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानंही लिव्ह-इनमधल्या बाईला हीच वाट दाखवली.

या कायद्याखालचा अर्ज तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी कोर्टात होतो. बाई सध्या जिथं राहते, माहेरी असली तर माहेरच्या तालुक्यातही, तो करता येतो. महिला व बालविकास विभागाचे संरक्षण अधिकारी अर्ज भरून देतात. वकील मोफत हवा असेल तर कोर्टातल्या तालुका विधी सेवा समितीकडे जावं. बाईसाठी त्यात उत्पन्नाची अट नाही. पहिल्या तारखांनाच अंतरिम खर्चाचा अर्ज द्यायला विसरू नये, कारण कायद्यात साठ दिवसांत निकालाचं म्हटलं असलं तरी प्रत्यक्षात वेळ लागतो. एक मात्र लक्षात ठेवावं. यातून खर्च मिळतो, राहायला छप्पर मिळतं, पण बाईचं नाव सातबाऱ्यावर लागत नाही.

पोराचा हक्क वेगळा

आई-बापाचं लग्न कायदेशीर आहे की नाही, याचा पोराच्या पोटगीशी संबंध नाही. कलम १४४ मध्ये औरस आणि अनौरस दोन्ही अपत्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून बाईचा स्वतःचा अर्ज फेटाळला गेला तरी लहान पोराचा खर्च बापाला चुकवता येत नाही. वर सांगितलेल्या तेलंगणाच्या प्रकरणात उच्च न्यायालयानं आईची पोटगी काढली तेव्हाही मुलीची ठेवली होती.

जमिनीचं गणित वेगळं आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ नुसार, लग्न लागलं पण कायद्यानं ते रद्दबातल ठरतं, अशा लग्नातलं पोरही औरस धरलं जातं. त्याला आई-बापाच्या मालमत्तेत हक्क मिळतो. बापाची वडिलोपार्जित जमीन असेल तर काय, हा वाद १ सप्टेंबर २०२३ ला रेवणसिद्दप्पा खटल्यात तीन न्यायमूर्तींनी मिटवला.

उदाहरण घेऊ. समजा एका माणसाची आठ एकर वडिलोपार्जित जमीन आहे. पहिली बायको, तिचा एक मुलगा, एक मुलगी. दुसरीशी त्यानं देवळात विधीनं लग्न लावलं, तिला एक मुलगा. माणूस मृत्युपत्र न करता वारला. आधी असं धरायचं की मरणाच्या क्षणी वाटणी झाली. तीत तो स्वतः, पहिली बायको, तिचा मुलगा आणि मुलगी असे चार हिस्से, प्रत्येकी दोन एकर. दुसरीच्या मुलाला या वाटणीत हिस्सा नाही, कारण जन्मानं तो एकत्र कुटुंबाचा सहहिस्सेदार होत नाही. पण बापाच्या वाट्याला आलेल्या दोन एकरांत, म्हणजे ऐंशी गुंठ्यांत तो वारस आहे. तिथं पहिली बायको, तिची दोन पोरं आणि हा, असे चौघं. प्रत्येकी वीस गुंठे. म्हणजे आठ एकरांतले वीस गुंठे त्याचे. बापानं स्वतः कमावून घेतलेली एक एकर असेल तर तिच्यातले आणखी दहा गुंठे. दुसऱ्या बाईला वारस म्हणून काहीच नाही.

आता यात एक बारीक गोष्ट आहे, जी पुष्कळांना उशिरा कळते. कलम १६ ला काहीतरी लग्न लागलेलं असावं लागतं. पहिली बायको असताना दुसरीला कुठलाच विधी न करता नुसतं घरात ठेवलं असेल, तर पोराला कलम १६ चा आधार मिळत नाही. मग पोटगी मिळते, आईची मालमत्ता मिळते, पण मृत्युपत्र असल्याशिवाय बापाची जमीन मिळणं अवघड होतं. म्हणून देवळातला फोटो, लग्न लावणारा माणूस, हजर असलेले चार जण यांची नावं जपून ठेवणं आईपेक्षा पोराच्या कामाचं असतं. उलट दोघं मोकळे होते आणि वर्षानुवर्षं नवरा-बायको म्हणून राहिले, तर विधीचा पुरावा नसला तरी कोर्ट लग्न झालं असंच गृहीत धरतं. ते खोटं ठरवायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर येते. केरळच्या एका प्रकरणात २०२२ साली अशाच मुलाला वाटा मिळाला.

दुसरा धोका स्टॅम्पच्या काडीमोडीचा. बाईचं पहिलं लग्न कायद्यानं चालू असताना पोर झालं, तर कायदा आधी पहिल्या नवऱ्यालाच बाप धरतो. त्या काळात दोघांचा संपर्कच नव्हता, हे सिद्ध करावं लागतं. डीएनए तपासणी मागितली की लगेच मिळते असं नाही.

बाप वारल्यावर वारस नोंदीचा अर्ज तलाठ्याकडे जातो आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. पोराचं नाव सुटलं असेल तर त्या मुदतीत लेखी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. फेरफार मंजूर झाला म्हणून मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्टच ठरवतं. पण नाव नसताना जमीन विकली गेली तर पुढं खरेदीदाराशीही भांडावं लागतं. आणि बापाला खरंच पोराला काही द्यायचं असेल, तर स्वतःच्या कमाईच्या जमिनीचं मृत्युपत्र जिवंतपणी करून ठेवणं या सगळ्यापेक्षा स्वस्त पडतं.