जाळ्याचा वाटा

एप्रिलमध्ये माझ्या खात्यावर 62 हजार आले आणि जुलैमध्ये 6 हजार. वेंगुर्ल्यात बसून डिझाइनचं काम करणाऱ्याचं हे गेल्या वर्षीचं खरं चित्र. आंब्याच्या पेट्यांची लेबलं, काजूगराची पाकिटं, होमस्टेचे फलक, लग्नपत्रिका आणि पुण्याच्या एका मधल्या माणसाकडून येणारं थोडं काम. पाऊस सुरू झाला की यातलं जवळजवळ सगळं थांबतं.

मासिक बजेट कसं करायचं यावर जे सल्ले मिळतात, ते महिन्याच्या एक तारखेला पगार होणाऱ्यांसाठी असतात. आमच्यासारख्यांना वर एक ओळ जोडून दिली जाते: वर्षाची सरासरी काढा आणि त्यावर घर चालवा. माझं म्हणणं आहे की ही सरासरीच आम्हाला बुडवते. मी स्वतः दोन वर्षं तिच्यावर विश्वास ठेवला होता.

गेल्या वर्षी जमा झालेली रक्कम महिन्यानुसार सांगतो. एप्रिल 62 हजार, मे 48, जून 9, जुलै 6, ऑगस्ट 14, सप्टेंबर 31, ऑक्टोबर 40, नोव्हेंबर 55, डिसेंबर 38, जानेवारी 12, फेब्रुवारी 20, मार्च 49. एकूण 3 लाख 84 हजार, म्हणजे सरासरी 32 हजार. आता समजा, एप्रिलपासून दरमहा 32 हजार घरात दिले. एप्रिल-मे मिळून 46 हजार शिल्लक पडतात. जूनमध्ये त्यातले 23 हजार जातात. जुलैचे 32 हजार पुरे करायला 3 हजार कमी पडतात, आणि ऑगस्टअखेर खड्डा 21 हजारांचा होतो. कागदावर वर्ष बरोबर जुळतं, पण घर जुलैतच अडकतं. किराणा दुकानात उधारी लिहायला सुरुवात होते ती इथे. त्याच जूनमध्ये शाळा उघडलेली असते आणि 2025 साली तर बकरी ईदही 7 जूनलाच होती.

शिवाय त्या 32 हजारांत एक लबाडी लपलेली आहे. सगळे पैसे माझे नाहीतच. हे मला कुठल्या हिशेबनिसाने नाही, रापणीवर आयुष्य घालवलेल्या एका शेजारच्या चाचांनी सांगितलं. रापण म्हणजे किनाऱ्याजवळ होडीतून अर्धगोल जाळं टाकायचं आणि दोन्ही टोकं माणसांनी वाळूवरून ओढायची. मिळकतीचे वाटे पडतात, त्यात माणसांचे वाटे असतात, तसे जाळ्याचे आणि होडीचेही असतात. चाचा म्हणाले, ‘‘जाळ्याचो वाटो पयलो काढूचो, मगे माणसांचो. नायतर फाटलेला जाळा कोण शिवतलो?’’

माझं जाळं म्हणजे संगणक, सॉफ्टवेअरचं वर्षाचं भाडं, इंटरनेट, पाऊस-वीज गेल्यावर लागणारी बॅटरी आणि आयकर. मी 15 टक्के काढतो. ग्राहकाने आधीच कर कापून घेतला असेल तर तो याच वाट्यातून गेला असं धरतो. ज्याची कमाई माझ्याहून जास्त आहे आणि वर्षाचा कर 10 हजारांच्या वर जातो, त्याने हा वाटा मोठा ठेवावा, कारण त्याला जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चच्या 15 तारखांना आगाऊ कर भरावा लागतो. त्यातली पहिली तारीख नेमकी आपल्या कोरड्या दिवसांत येते.

उरलेला पैसा कोठारात जातो. कोठार म्हणजे एक वेगळं बँक खातं, ज्याचं कार्ड घरात फिरत नाही. त्यातून दर 5 तारखेला घरखर्चाच्या खात्यात ठरावीक रक्कम जाते, जास्त आलं तरी तेवढीच आणि काही आलं नाही तरी तेवढीच. हा माझा पगार. आता मुद्दा असा की हा पगार किती ठरवायचा. सरासरीवरून नाही, सलग आलेल्या सर्वांत वाईट महिन्यांवरून. एकटा वाईट महिना कुणालाही निभावता येतो. ओळीने आलेले तीन माणसाला खाली बसवतात.

मी पगार 24 हजार धरला. जून ते ऑगस्ट मिळून जमा 29 हजार, जाळ्याचा वाटा काढून 24,650. लागणार होते 72 हजार. म्हणजे 31 मे रोजी कोठारात 47,350 असायलाच हवेत. एप्रिल-मे या दोन चांगल्या महिन्यांतून, दोन्ही पगार घेऊन, मागे पडतात 45,500. थोडक्यात चुकतं. तेवढी भर आदल्या मार्चमधून यायला हवी, आणि ती येते, कारण मार्चमध्ये 17 हजारांवर शिल्लक राहते. जानेवारी-फेब्रुवारीचा खड्डा 20,800 चा, तो दिवाळीच्या आसपासच्या कामातून भरतो. हाच हिशेब पगार 26 हजार धरून करून पाहिला, तर पावसाळा पार होण्यासाठी 53,350 लागतात आणि एप्रिल-मेमधून 41,500 च मिळतात. दरमहा दोन हजारांच्या हौसेने 12 हजारांचं भगदाड. म्हणून 24.

‘सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा’ हा सल्ला यामुळेच मला पोकळ वाटतो. सहाच का? आमच्याकडे पावसाची बेगमी करताना कुणी असा गोल आकडा धरत नव्हतं. कोकणात पाऊस किती महिने आणि घरात खाणारी तोंडं किती, त्यावरून तांदूळ, सुकी मासळी, लाकडं भरली जात. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. तिथेही तारखा माहीत असतात, म्हणून खलाशाच्या घरात मेमध्येच बोलणं सुरू होतं. आपल्या धंद्याच्या बंदीच्या तारखा पासबुकात असतात. दोन वर्षांची पासबुकं काढा आणि पैसे ज्या तारखेला प्रत्यक्ष जमा झाले ती तारीख धरा. बिल दिल्याची तारीख धरली की सगळंच फसतं. माझं मे महिन्याचं एक बिल सप्टेंबरात आलं होतं.

आगाऊ रक्कम हा दुसरा सापळा. काम सुरू करण्यापूर्वी मिळालेले 10 हजार मी अर्धं काम होईपर्यंत कोठारात धरत नाही. ग्राहकाने काम मागे घेतलं तर ते परत करावे लागतात, आणि तोवर ते पोटात गेले असतील तर कर्ज काढावं लागतं. व्याजाचं कर्ज आम्हाला नको, आणि कर्ज-ए-हसना देणाऱ्या नातेवाइकालाही प्रत्येक जुलैत तोंड दाखवता येत नाही.

कोठाराबद्दल आपल्या वाचकांसाठी आणखी एक गोष्ट. हे पैसे बाजूला ठेवलेले आहेत म्हणून जकातीतून सुटत नाहीत. जकातीच्या तारखेला घरातली रोख, कोठार, सोनं-चांदी हे सगळं धरून देणी वजा करायची आणि ते 612 ग्रॅम चांदीच्या किमतीवर जात असेल, तर अडीच टक्के निघतात. चांदीचा भाव त्या दिवशीचा. माझी तारीख रमजानची पहिली आहे. ती दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकते आणि तिच्यासोबत ईदचा खर्चही. सध्या ती माझ्या मार्चच्या बऱ्या दिवसांच्या जवळ आहे. 2031 च्या सुमारास रमजान ईद जानेवारीच्या अखेरीस येईल, म्हणजे 12 हजारांच्या महिन्यात. त्यामुळे कपडे, शिरखुर्मा, फित्रा आणि जकात यांसाठी मी पगाराबाहेरची वेगळी रक्कम ठेवतो. वर्षाअखेरीस वर उरणाऱ्या 38,400 मधून ती निघते. मुलांच्या शाळेची फीही त्यातूनच.

बायकोचं अजूनही म्हणणं आहे की एप्रिलमध्ये 62 हजार आले, तर त्या महिन्यात तरी दोन हजार जास्त घरात द्यावेत. गेल्या एप्रिलमध्ये दिले. ऑगस्टच्या पगाराला नेमके तेवढे कमी पडले आणि मी तिला पासबुक दाखवलं. ती म्हणाली, ‘‘मग मेमध्ये पुण्याच्या त्या माणसाकडून बिल वेळेवर आण.’’ त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता काम पाठवण्याआधी निम्मे पैसे मागायला लागलो आहे. दोन ग्राहक गेले, तिघांनी दिले.