शौचाला काळे होणे म्हणजे ‘उष्णता’ नव्हे

गुडघेदुखीसाठी साठीतले एक शेतकरी महिनाभर दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी रोज, तीही उपाशीपोटी घेत होते. मग शौचाला काळे, चिकट, उग्र वासाचे होऊ लागले. घरच्यांनी उष्णता समजून सब्जाचे पाणी दिले. तिसऱ्या दिवशी ते चक्कर येऊन पडले, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तेव्हा कुठे त्यांना आमच्याकडे आणले. तेही मोटारसायकलवर, दोघांच्या मध्ये बसवून! दुर्बिणीच्या तपासणीत जठरालगतच्या आतड्यात वाहता व्रण सापडला.

जठरातले रक्त खाली उतरेपर्यंत काळे पडते, म्हणून ते ओळखू येत नाही. लोहाच्या गोळ्यांनीही रंग काळा होतो, पण डांबरासारखा चिकटपणा येत नाही. दारूने यकृत खराब झालेल्यांना मात्र अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटून थेट लाल रक्ताची उलटी होऊ शकते.

अशा वेळी 108 ला फोन करा. रुग्णाला डाव्या कुशीवर आडवे ठेवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. पाणी, दूध काहीही पाजू नका. भरल्या पोटी दुर्बीण घालणे अवघड होते. हातपाय गार पडून घाम सुटला असेल, तर बरेच रक्त गेलेले असते. चालू गोळ्यांची सगळी पाकिटे सोबत आणा आणि रक्त पातळ करणारी गोळी असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगा.