हरण्याला हरण्याच म्हणा

कुणी लेख वाचायला दिला की आपण आधी ऱ्हस्व-दीर्घ बघतो. मराठीच्या मास्तरांची तर ती खोडच! माझे म्हणणे असे की ते सगळ्यात शेवटी बघावे. लेख कोणासाठी आहे, मथळा त्या माणसाला ओळखू येतो का आणि घाईत नजर फिरवली तर कामाची गोष्ट हाती लागते का, हे ठरल्याशिवाय वेलांट्या सुधारणे म्हणजे भिंत पडत असताना चुना लावणे.

परवा रावेरकडच्या भाच्याने केळीवरचा लेख पाठवला. मथळा होता 'केळी पिकावरील विषाणूजन्य रोगांचे एकात्मिक व्यवस्थापन : एक दृष्टिक्षेप'. मी फोनवर विचारले, हे कोण वाचणार?

"शेतकरी, मामा."

"आणि शेतकरी या रोगाला काय म्हणतात?"

"हरण्या."

सबंध लेखात 'हरण्या' हा शब्द एकदाही नव्हता! सगळीकडे 'कुकुंबर मोझॅक विषाणू'. मी तसे म्हटल्यावर उत्तर आले, "मामा, हरण्या लिहिलं तर लोक म्हणतील याला काही येत नाही." म्हणजे लेख शेतकऱ्यासाठी नव्हता, त्याच्या कॉलेजातल्या सरांसाठी होता. आपल्याकडचे निम्मे माहितीपर लेख असेच गैरहजर परीक्षकासाठी लिहिलेले असतात, आणि त्यालाच आपण 'अभ्यासपूर्ण' म्हणतो.

मग त्याने दुसरा मथळा धाडला, 'केळी उत्पादकांनो सावधान! हे वाचाच'. हा पहिल्यापेक्षा वाईट. पहिल्यात रोगाचा निदान पुस्तकी उल्लेख तरी होता, इथे नुसती भीती. आठ दिवसांनी खरोखर बागेत रोग दिसला तर तो लेख शोधायचा कोणत्या शब्दाने?

काही जण लगेच टिळकांचा दाखला देतात. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' या मथळ्यातही विषय कुठे आहे? बरोबर, नाही. पण तो केसरीत ६ जुलै १८९७ ला आला. रँडवर गोळी झाडली गेली २२ जूनला. केसरी हाती घेणाऱ्याला विषय सांगायची गरजच नव्हती, आणि शब्द मात्र घरात भांडताना वापरतो तसले. रावेरच्या शेतकऱ्याला आमच्या भाच्याच्या मनातला विषय आधी कसा कळणार?

शेवटी ठरले ते असे : 'केळीवर हरण्या दिसला? झाड उपटा, फवारणीने ते वाचत नाही'. रोगाचे नाव, करायचे काम आणि हमखास होणारी चूक, सगळे मथळ्यातच आले. 'सीएमव्ही' हे नाव पहिल्या वाक्यात ठेवले, कारण कृषी अधिकारी आणि औषधाचे दुकानदार तेच बोलतात. दोन्ही नावे हवीत, पण क्रम वाचणाऱ्याच्या बाजूने.

आता नजरेचे. मी एक साधी परीक्षा घेतो. मथळा आणि प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य एवढेच ओळीने वाचायचे, बाकी झाकायचे. भाच्याच्या लेखात काय मिळाले? केळीचे धार्मिक महत्त्व, जळगाव जिल्ह्याची केळीची कीर्ती, मग विषाणू म्हणजे काय. 'रोगट झाडे उपटून नष्ट करावीत' हे वाक्य सातव्या परिच्छेदाच्या पोटात! शिवाय अकरा ठिकाणी ठळक अक्षरे, त्यामुळे ठळक असे काहीच उरले नव्हते.

आम्ही धार्मिक महत्त्व काढून टाकले. पहिला परिच्छेद ओळखण्याचा : कोवळ्या पानावर शिरांना समांतर पिवळसर पट्टे, पुढे पोंगा सडतो. दुसरा आजच्या कामाचा : झाड मुळासकट उपटा, बागेबाहेर नेऊन जाळा किंवा पुरा, आणि दर चार-पाच दिवसांनी बाग फिरून बघा. तिसरा पसरण्याचा : रोग नेतो मावा, म्हणून फवारणी माव्यासाठी. काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची केळीच्या आसपास नकोत. ठळक केले फक्त 'मुळासकट उपटा'. मोबाइलवर बांधावर उभ्याने वाचणाऱ्याला एवढे पुरते.

ही कात्री सगळीकडे चालवू नका, हेही सांगतो. आजीवरच्या लेखात उपमथळे घातले तर ते माहितीपत्रक होईल. तिथे एक नेमके नाव पुरते. अमळनेरला शिकवून गेलेल्या साने गुरुजींनी 'श्यामची आई'तल्या एका रात्रीला 'अळणी भाजी' म्हटले, 'मातेच्या त्यागाचे दर्शन' नाही.

भाच्याची एक शंका अजून बाकी आहे. 'हरण्या' शब्द धुळ्याकडे कळेल का? मी त्याला शिरपूरच्या दोन केळीवाल्यांना फोन लावायला सांगितले आहे. तिकडे वेगळे नाव निघाले तर तेही पहिल्या वाक्यात जाईल.