फोनवरचा सल्ला: फी भरण्याआधी काय वाचावे?

डॉक्टरांच्या संकेतस्थळावर व्हिडिओ कॉलची वेळ घेताना बहुतेक ठिकाणी आधी फी भरावी लागते. त्याआधी संमतीच्या एक-दोन चौकटी येतात आणि आपण न वाचताच टिक करतो. ही फी कशाची आणि संमती कशाला, हे एका उदाहरणातून पाहू.

समजा, आष्टी तालुक्यातल्या एका आजींच्या बीपीच्या (अम्लोडिपिन) आणि झोपेच्या (अल्प्राझोलाम) गोळ्या संपत आल्या आहेत. वर्ध्याला जाण्यायेण्यात दिवस मोडतो, म्हणून पुण्यातल्या मुलाने त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांची ऑनलाइन वेळ घेऊन फी भरली. डॉक्टरांनी घरी मोजलेले बीपी विचारले, पायांवरची सूज पाहिली आणि अम्लोडिपिन पुढे चालू ठेवली. अल्प्राझोलाम मात्र लिहून दिली नाही.

ही अडवणूक नाही. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार एनडीपीएस कायद्याखालील औषधे फोनवर लिहून देता येत नाहीत आणि अल्प्राझोलाम त्यांपैकी एक आहे. ती अचानक बंद करणेही धोक्याचे असते. म्हणून गोळ्या शिल्लक असतानाच प्रत्यक्ष दाखवायला जावे. फी सल्ल्याची असते, चिठ्ठीची नाही. "प्रत्यक्ष या" हाही सल्लाच आहे. तसे झाल्यास फी परत मिळेल का, हे त्या सूचनांमध्ये ठरवून दिलेले नाही. म्हणून संकेतस्थळावरची परताव्याची अट आधी वाचा. फीची पावती मात्र मिळालीच पाहिजे.

आता संमती. ती दोन प्रकारची असते आणि दोन्ही एकत्र करू नयेत. पहिली उपचाराची: रुग्णाने स्वतः कॉल केला तर ती गृहीत धरली जाते, डॉक्टर किंवा आरोग्य कर्मचाऱ्याने केला तर स्पष्ट घ्यावी लागते. आजी शुद्धीत आणि समजत्या आहेत, म्हणून वेळ मुलाने घेतली तरी कॉलवर त्यांनी स्वतः बोलणे उत्तम.

दुसरी संमती माहितीची. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. त्यांतली मुख्य बंधने १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार आहेत. त्यानंतर कोणती माहिती कशासाठी घेतली, हे साध्या भाषेत सांगावे लागेल आणि ती सूचना मराठीतही वाचता आली पाहिजे. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे लागेल. तोवर एवढे पाहा: तपासणीसाठी दिलेली माहिती जाहिरातीसाठी वापरण्याची परवानगी त्याच टिकमध्ये मागितली असेल, तर थांबा आणि विचारा.

संकेतस्थळावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक नसेल, तर फी भरू नका. आणि छातीत दुखणे किंवा दम लागणे असेल, तर ऑनलाइन वेळ शोधत न बसता १०८ ला फोन करा.