पदवी, पदविका आणि प्रमाणपत्र : नोकरी देणारा काय पाहतो?

दहावीचा निकाल लागला की घोडपदेव, माझगाव, काळाचौकी या आपल्या वस्त्यांतून एकच प्रश्न घराघरांत ऐकू येतो. मुलाला आयटीआयला घालावे, तंत्रनिकेतनात पदविकेला पाठवावे, की बारावी करवून थेट पदवीला न्यावे? या तीन वाटांकडे आपण शिडी म्हणून पाहतो. तळाला प्रमाणपत्र, मध्ये पदविका, वर पदवी. आणि वरच्या पायरीवर पोहोचलेल्याला खालच्या पायऱ्या आपोआपच मिळाल्या, असे आपण गृहीत धरतो. नोकरी देणारा मात्र असे काही गृहीत धरीत नाही. त्याच्या दृष्टीने हे तीन निरनिराळे कागद असून प्रत्येकाचे दार वेगळे आहे.

ही केवळ आमची समजूत नव्हे. जम्मू-काश्मीरच्या वीज विभागात तंत्रज्ञ श्रेणी ३ या पदासाठी दहावी आणि विद्युत शाखेतील आयटीआय अशी अर्हता होती. पदविकाधारकांनी अर्ज केले आणि आमचे शिक्षण आयटीआयपेक्षा वरचे आहे, असा दावा केला. ५ डिसेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. नियमातच तशी तरतूद असल्यावाचून वरच्या अर्हतेत खालची सामावते असे मानता येणार नाही, आणि कोणत्या पदाला कोणती अर्हता हवी हे ठरविणे नोकरी देणाऱ्याचे काम आहे, असा त्या निकालाचा आशय आहे. दोन वर्षांनी याहून कटू प्रकरण आले. पंजाब नॅशनल बँकेने शिपाई पदाची जाहिरात देताना उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, पण पदवीधर नसावा, असे स्पष्ट म्हटले होते. एका पदवीधराने आपली पदवी लपवून ती नोकरी मिळविली. बँकेने त्याला काढले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बँकेचीच बाजू घेतली. ज्या पदवीसाठी घराने काही वर्षे पोटाला चिमटा घेतला असेल, तीच लपविण्याची पाळी यावी, याचे दुःख आपल्या समाजाला वेगळे सांगावयास नको. तरीही कायदा तोच आहे.

आपल्या परिसरातील अनेक घरांची चूल परळ आणि माटुंगा येथील रेल्वे कारखान्यांवर चालली आहे, म्हणून रेल्वेचाच दाखला पाहू. तंत्रज्ञ श्रेणी ३ च्या पदाला संबंधित व्यवसायाचा आयटीआय किंवा शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र लागते. साहाय्यक लोको पायलटला आयटीआय चालतो आणि त्याऐवजी ठरावीक शाखांतील पदविका वा पदवीही चालते. कनिष्ठ अभियंत्याला मात्र किमान पदविका हवी. या पदासाठी पदविकाधारक आणि अभियांत्रिकी पदवीधर एकाच परीक्षेला बसतात आणि निवड झाल्यास दोघांचेही मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपयांपासून सुरू होते. एकाच खात्यात एका दाराशी पदवी अपुरी, दुसऱ्याशी चालणारी, तिसऱ्याशी पदविकेच्या बरोबरीची, असा हा प्रकार आहे. आरक्षणाने वयात पाच वर्षांची सवलत मिळते, शुल्कातही मिळते; परंतु जाहिरातीत मागितलेला कागद कोणालाही माफ होत नाही.

माझगाव गोदीतील जोडकामाकडे, म्हणजे वेल्डिंगकडे, वळले की कागदाचे मोल आणखी निराळे दिसते. वेल्डरचा आयटीआय अभ्यासक्रम एका वर्षाचा. पण जहाजबांधणीत तेवढ्यावर कोणी कामाला लावीत नाही. उमेदवाराला चाचणीचा तुकडा जोडावयास देतात. नळाच्या कामात सर्वांत अवघड समजली जाणारी परीक्षा अशी, की नळ ४५ अंशांत तिरका पक्का बसवितात, तो फिरवावयाचा नाही. वेल्डरनेच त्याच्याभोवती फिरून वर, खाली, बाजूने जोड पूर्ण करावयाचा. मग त्या जोडाचे क्ष-किरण छायाचित्र घेतात, किंवा पट्ट्या कापून वाकवून पाहतात. आत हवेचे बुडबुडे राहिले, मळी अडकली, किंवा मुळापर्यंत धातू उतरला नाही, तर ते तेथे उघडे पडते. उत्तीर्ण झालेल्याची पात्रता त्या पद्धतीपुरती आणि त्या स्थितीपुरती असते. प्रचलित संहितांनुसार सहा महिने ती पद्धत हाताळली नाही, तर पात्रता संपते. येथे अभियंत्याची पदवीही हाताच्या जागी चालत नाही. मात्र याच गोदीत त्या जोडाची कार्यपद्धती ठरविणाऱ्या, आराखडे करणाऱ्या अधिकाऱ्याच्या जागेवर हा कुशल वेल्डर पदवीवाचून सहसा पोहोचत नाही. हात मोलाचा आहे, पण त्याच्या बढतीला छत आहे. आयटीआयची शिफारस करणारे हे छत सांगावयास विसरतात, अशी आमची तक्रार आहे.

औषधाच्या दुकानात याच्या उलट स्थिती. तेथे दोन वर्षांची पदविका आणि चार वर्षांची पदवी, दोन्हींवर फार्मसी कौन्सिलची नोंदणी होते आणि दुकान चालवावयास ती पुरते. औषध कारखान्यात वा संशोधनात जावयाचे असेल तरच पदवीची दोन अधिक वर्षे कामी येतात. उलट राज्यसेवा किंवा बँकेतील अधिकारी पद यांना कोणत्याही शाखेची का होईना, पदवीच लागते. दहावीनंतरची तीन वर्षांची पदविका तेथे पदवी म्हणून धरली जात नाही.

मग दहावी झालेल्या मुलाने काय करावे? वर्षांचा हिशेब मांडून पाहावा. बारावीची दोन आणि अभियांत्रिकीची चार, मिळून सहा वर्षे. दहावीनंतर तीन वर्षांची पदविका आणि मग पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, म्हणजे पुढची तीन, तीही सहाच. दोन वर्षांचा आयटीआय करून पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि तेथून पदवीला गेल्यास सात. म्हणजे पदविकेच्या वाटेने एकही वर्ष अधिक जात नाही आणि एकोणिसाव्या वर्षी हातात एक कागद असतो. वडील आजारी पडले, घर चालवावे लागले, तर तो मुलगा कनिष्ठ अभियंत्याच्या परीक्षेला बसू शकतो. बारावीवरून गेलेला मुलगा त्याच वयात शिक्षण सोडील, तर त्याच्यापाशी केवळ बारावीचीच गुणपत्रिका राहते. ज्या घरात कमावता एकच आहे, त्या घराने ही वाट धरावी असे आम्हांला वाटते. तिची अडचणही सांगितली पाहिजे. थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्या मुलाचे पहिल्या वर्षाचे गणित कच्चे राहिलेले असते आणि पहिल्याच सत्रात ते आडवे येते. सुटीतच त्याची तयारी करून घ्यावी.

शेवटी नावांविषयी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याने 'पदवी' देण्याचा अधिकार विद्यापीठांपुरता आणि कायद्याने तसा हक्क दिलेल्या संस्थांपुरता राखला आहे. 'डिप्लोमा' या शब्दाला त्या कायद्याचे असे कुंपण नाही. म्हणून सहा महिन्यांचा संगणक वर्गही आपल्या पाटीवर हा शब्द रंगवितो आणि पालक त्याला तंत्रनिकेतनाच्या पदविकेच्या तोलाचा मानून पैसे भरतात. आपल्या राज्यात अभियांत्रिकी पदविकेवर तंत्रशिक्षण मंडळाचे किंवा स्वायत्त संस्थेचे नाव असते, आणि आयटीआयच्या राष्ट्रीय प्रमाणपत्रावर पूर्वी राष्ट्रीय व्यावसायिक प्रशिक्षण परिषदेचे असे. शुल्क भरण्यापूर्वी संस्थेकडे मागील वर्षीच्या विद्यार्थ्याच्या प्रमाणपत्राची प्रत मागावी, तीवर कोणाचे नाव आहे ते वाचावे, आणि मुलाला ज्या पदावर जावयाचे आहे त्या पदाची जुनी जाहिरात शेजारी ठेवून दोन्हींतील शब्द जुळतात की नाही ते पाहावे.