फुगलेला मोबाईल दाबू नका

मोबाईलची पाठ फुगलेली दिसली किंवा स्क्रीन एका बाजूने वर आली, की घरातला पहिला माणूस काय करतो? अंगठ्याने दाबून ती जागेवर बसवतो. बसली नाही तर वरून रबरबँड लावतो. आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या घरी हेच झाले. ती सांगू लागली, "अब्बांच्या मोबाईलने तोंड उघडलं होतं. दादींनी रात्रभर त्याच्यावर जाड पुस्तक ठेवलं, तरी बंद झालं नाही." दादींना वाटले, गोंद सुटला असेल. खरे कारण गोंदाचे नव्हते. आत बॅटरी फुगली होती आणि तिने स्क्रीनला वर ढकलले होते. अशा वेळी वजन ठेवणे हीच सर्वांत धोक्याची गोष्ट आहे. ती का, हे आधी समजून घेऊ.

आजच्या मोबाईलची बॅटरी म्हणजे कडक डबा नसून एक पातळ, चंदेरी, सीलबंद पाकीट असते. त्यात तांब्याचा आणि ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, दोन्हींवर वेगवेगळ्या रसायनांचा थर आणि मध्ये प्लास्टिकचा एक पडदा असतो. हा पडदा केसापेक्षाही बारीक असतो. हे सगळे पेट घेणाऱ्या द्रवात भिजलेले असते. बॅटरी जुनी झाली, फार तापली किंवा दिवसरात्र शंभर टक्के चार्जवरच राहिली, की त्या द्रवाचे थोडे थोडे विघटन होते आणि वायू तयार होतो. पाकिटाला बाहेर जायची वाट नसल्याने ते फुगते. हा वायू पुन्हा द्रव होत नाही. म्हणून फुगलेली बॅटरी मोबाईल थंड झाल्यावर "उतरली" असे वाटले, तरी ती बरी झालेली नसते.

दाबल्याने काय होते, याचे मोठे उदाहरण 2016 सालचे आहे. सॅमसंगचे गॅलेक्सी नोट 7 हे मोबाईल पेट घेऊ लागले आणि कंपनीला ते जगभरातून परत घ्यावे लागले. जानेवारी 2017 मध्ये कंपनीने कारणे सांगितली. त्यातले एक असे, की काही बॅटऱ्यांच्या एका कोपऱ्यात आतला पत्रा वाकला होता. त्या बॅटऱ्या फुगलेल्या नव्हत्या, दोष कारखान्यातला होता. पण धडा आपल्या कामाचा आहे. आतला पत्रा एका कोपऱ्यात वाकला, तरी मधला पडदा निकामी होऊ शकतो. मग दोन्ही पत्रे एकमेकांना टेकतात, आत शॉर्टसर्किट होते आणि काही सेकंदांत उष्णता भडकते. फुगलेले पाकीट आधीच ताणलेले असते. त्यावर अंगठा, पुस्तक किंवा रबरबँड हे सारे जादा ओझेच. सुईने टोचून हवा काढणे तर आग लावण्यासारखेच आहे.

फुगणे वेळेवर ओळखायचे, तर महिन्यातून एकदा मोबाईलचे कव्हर काढून बघा. जाड कव्हर फुगवटा झाकून ठेवते. मुलांच्या कंपासमधली पट्टी मोबाईलच्या पाठीवर आडवी ठेवा. कॅमेऱ्याचा उंचवटा सोडून बाकी ठिकाणी पट्टी डुगडुगत असेल आणि दोन्ही टोकांखालून उजेड दिसत असेल, तर पाठ फुगली आहे. अंधारात स्क्रीन चालू करून कडेला बघा. फटीतून उजेडाची रेघ बाहेर येत असेल तर स्क्रीन उचलली आहे. बाजूचे बटण घट्ट होणे, कव्हर पूर्वीसारखे न बसणे, नेलपॉलिशसारखा गोडसर उग्र वास येणे याही खुणा आहेत. तीस टक्के दाखवत असताना मोबाईल अचानक बंद पडणे, एवढ्यावरून बॅटरी फुगली असे म्हणता येत नाही. पण ती थकलेली असू शकते, म्हणून त्या दिवशी पट्टी लावून बघाच. घरातल्या बुजुर्गांकडे बटणांचा मोबाईल असतो, त्याची बॅटरी हाताने निघते. ती सपाट फरशीवर ठेवून हलकेच फिरवा. चांगली बॅटरी घासून थांबते, फुगलेली भोवऱ्यासारखी गिरकी घेते.

आता खूण दिसली, तर काय करायचे? मोबाईल चार्जिंगला असेल तर आधी भिंतीवरचे बटण बंद करा, मग वायर काढा. मोबाईल बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. "फोटो तेवढे काढून घेऊ" म्हणून चार्जिंगला लावण्याचा मोह होतो. फोटो बॅटरीत नसतात, मोबाईलच्या मेमरीत असतात. नवी बॅटरी बसली की ते जागच्या जागी मिळतात. मोबाईल खिशात, उशीखाली, कपाटात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका. स्टीलच्या पातेल्यात किंवा मातीच्या भांड्यात कोरडी वाळू घ्या, त्यावर मोबाईल ठेवा आणि वरून थोडी वाळू सैल पसरा. घट्ट झाकण लावू नका, वायूला बाहेर पडायला जागा हवी. हे भांडे सावलीत, सिमेंटच्या फरशीवर, गॅस सिलिंडर, पडदे आणि लहान मुलांपासून दूर ठेवा.

दुकानदाराला आधी फोन करून "बॅटरी फुगली आहे" असे स्पष्ट सांगा आणि मोबाईल त्याच भांड्यातून न्या. कुरिअरने पाठवू नका. नवी बॅटरी घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्युरोची खूण आणि R- ने सुरू होणारा आठ अंकी क्रमांक छापलेला आहे का, ते बघा. जुनी बॅटरी घंटागाडीत किंवा भंगारात टाकू नका, गाडीत ती चेपली जाऊन पेटू शकते. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी त्या बनवणाऱ्यांवर आहे, म्हणून ती कंपनीच्या सर्व्हिस सेंटरलाच द्या.

धूर निघू लागला, फुसफुस आवाज आला, तर मोबाईलला हात लावू नका. सर्वांना बाहेर काढा, कारण तो धूर विषारी असतो. आग लहान असेल, वायर निघालेली असेल आणि तुमच्या मागे दार मोकळे असेल, तरच लांबून भरपूर पाणी ओता. पाण्याने बॅटरी थंड होते. नुसती ज्वाळा विझली तर ती पुन्हा पेटू शकते. नाहीतर 101 किंवा 112 ला फोन करा. फुटलेल्या बॅटरीतला द्रव हाताला लागला तर वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवा. डोळ्यात गेला तर पाण्याने धूत राहा आणि लगेच दवाखाना गाठा.

आपल्या जालना जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. मोबाईल कंपन्या मात्र वापरासाठी साधारण 35 अंशांपर्यंतचे तापमान योग्य मानतात. पत्र्याच्या घरात दुपारी खिडकीत चार्जिंगला लावलेला, किंवा उन्हात मोटारसायकलच्या हँडलवर बांधलेला मोबाईल त्या मर्यादेच्या बराच पुढे गेलेला असतो. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री झोपण्यापूर्वी, उघड्या फरशीवर करा, आणि ऐंशी-नव्वद टक्के झाले की वायर काढा. गादीवर किंवा उशीखाली चार्जिंग नकोच, तिथे उष्णतेला निघायला वाट मिळत नाही.

त्या मुलीच्या घरी अब्बांनी दुकानात नवी बॅटरी बसवून घेतली. पाठ उघडल्यावर दुकानदाराने दाखवलेली जुनी बॅटरी लहान उशीसारखी टम्म झाली होती. फोटो आणि सगळे नंबर जसेच्या तसे होते. मोबाईल मुलांच्या हाती देण्यापूर्वी आज एकदा कव्हर काढून पट्टी लावून बघा, दोन मिनिटांचे काम आहे.